चार्जबॅक विवाद: बुकिंग क्र. ११०८ बाबत उत्तर

पाळोळे, काणकोण, गोवा
२३ जानेवारी २०२६

प्रति,
शाखा व्यवस्थापक (मर्चंट खाते), मडगाव

महोदय,

कार्डाचे शेवटचे आकडे ४४१७, रक्कम रु. २५,२००, कारण व्हिसा १३.७ (सेवा रद्द केली, परतावा मिळाला नाही). १९ जानेवारीच्या आपल्या सूचनेला हे उत्तर. हा दावा आम्हाला मान्य नाही. कृपया कागदपत्रांसह तो पाहुण्यांच्या बँकेकडे पाठवावा.

पाहुण्यांनी ११ नोव्हेंबर २०२५ रोजी आमच्या संकेतस्थळाच्या मराठी पानावरून २६ ते ३० डिसेंबरसाठी एक खोली घेतली. चार रात्री, प्रत्येकी रु. ६,०००, अधिक ५ टक्के जीएसटी. पैसे भरण्याच्या बटणाच्या वरच पुढील मजकूर होता आणि त्याखालच्या रिकाम्या चौकोनात त्यांनी स्वतः खूण केली (वेळ २१:३९, पुरावा १). हाच मजकूर पुष्टीच्या ई-मेलमध्येही आहे (पुरावा २).

«२० डिसेंबर ते ५ जानेवारी: आगमनाच्या १५ दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास पूर्ण परतावा, त्यानंतर ७२ तास आधीपर्यंत निम्मा. ७२ तासांच्या आत परतावा नाही. मात्र खोली दुसऱ्या कोणी घेतल्यास त्या रात्रीचे पैसे परत. आगमन दुपारी २. रद्द करण्याची सूचना ई-मेलनेच.»

२२ डिसेंबरलाच फोनवर रद्द केले, असे पाहुण्यांचे म्हणणे आहे. त्या दिवशी १८:२५ ला फोन आला हे खरे. पण त्यांनी विचारले ते तारखा जानेवारीत ढकलता येतील का, एवढेच. १८:५२ ला आम्ही ई-मेलने कळवले की बुकिंग कायम आहे आणि रद्द करायचे असल्यास तसे लेखी कळवावे. २३ तारखेला ११:०५ ला त्यांचे उत्तर आले: «ठीक आहे, ठरल्याप्रमाणे २६ ला येतो.» (पुरावा ३) सगळा वाद या एका ओळीवर मिटतो, म्हणून ती आधी वाचावी.

रद्द केल्याचा ई-मेल आला तो २५ डिसेंबरला सकाळी ७:१० ला, म्हणजे आगमनाच्या ३० तास ५० मिनिटे आधी (पुरावा ४). नाताळच्या दिवशी इतक्या उशिरा सुटलेली खोली भरणे कठीण असते. तरीही ती लगेच विक्रीला लावली. २८ तारखेची रात्र गेली. बाकी तीन रात्री खोली रिकामी राहिली (नोंदवहीची पाने, इतर पाहुण्यांची नावे झाकून: पुरावा ५). त्या रात्रीचे रु. ६,३०० आम्ही ३१ डिसेंबरला त्याच कार्डावर परत केले (पुरावा ६). दाव्यात पूर्ण रक्कम मागितली आहे, त्यातून हे पैसे वजा केलेले नाहीत. दावा मंजूर झाला तर हीच रक्कम पाहुण्यांना दोनदा मिळेल.

व्यवहार ओटीपीने झाला होता. पण कार्ड आपण वापरलेच नाही असे पाहुणे म्हणत नाहीत, त्यामुळे त्या नोंदीवर आमची भिस्त नाही. प्रश्न फक्त परताव्याच्या अटीचा आहे.

तेव्हा उरलेले रु. १८,९०० आमच्या खात्यात कायम ठेवावेत. उत्तराची मुदत २९ जानेवारीला संपते. पुरावे एकाच पीडीएफमध्ये, वरच्याच क्रमाने जोडले आहेत. ई-मेलच्या मूळ फाइल मागितल्यास त्याच दिवशी देऊ.

आपला विश्वासू,
व्यवस्थापक, आरक्षण विभाग