आत्याच्या दुकानाचा व्हिडिओ: तीस सेकंद

आत्या, रविवारी सकाळी साडेनऊला घेऊ, आळीत ठोके पडायच्या आधी. नाहीतर तुझ्यापेक्षा शेजारची हातोडीच जास्त ऐकू येईल. फोन गल्ल्यावर डब्याला टेकवून आडवा ठेवते. तू स्टुलावर बस, तोंड रस्त्याकडे, म्हणजे उजेड चेहऱ्यावर पडेल. दुकानाचं नाव बोलायचं नाही, पाठीमागे पाटी दिसतेच. हात थरथरतात म्हणालीस ना, म्हणून ते रिकामे ठेवलेलेच नाहीत.

(० ते ५ सेकंद. मठारकामाचा हंडा मांडीवर. काही न बोलता बोटाच्या पेराने एकदा वाजव. आवाज विरू दे, मग वर बघ.)

"ऐकलंत? आमच्या आळीत गजराचं घड्याळ लागत नाही."

(५ ते १२. इथे हसू आलं तर येऊ दे.)

"नमस्कार, मी सुनंदा. कसबा पेठेत, तांबट आळीत आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी बघते."

(१२ ते २३. हंडा खाली, पितळी पातेलं हातात. "आतून" म्हणताना ते फोनकडे कलतं कर, पांढरी कल्हई दिसली पाहिजे. हा भाग सावकाश बोल. गिऱ्हाइकाला रोज सांगतेस तसंच.)

"सगळे एकच विचारतात, कल्हई लागते का हो? पाण्याच्या हंड्याला नको. पण ज्यात आमटी उकळणार, चिंच-कोकम पडणार, त्याला आतून हवीच. नाहीतर कळकतं."

(२३ ते ३०. पातेलं मांडीवर.)

"आजीचं पातेलं माळ्यावर पडलंय? घेऊन या. नवीन घ्यायलाच पाहिजे असं नाही, कल्हई करून देऊ. सोमवारी बंद असतो."

तू वहीत लिहिलेलं "दर्जा आणि विश्वासाचं एकमेव ठिकाण" मी काढलं. गिऱ्हाइकासमोर असं तू एकदा तरी बोलली आहेस का? कल्हईचं मात्र मधे कुणी अडवलं तरी थांबत नाहीस, म्हणून सगळ्यात जास्त सेकंद त्यालाच दिलेत.

पाठ करू नकोस. चार तुकडे वेगवेगळे घेऊ, तुकड्यांमधे चहासुद्धा पी. "कळकतं" म्हटल्यावर अडखळलीस तर तेवढंच परत. "गिऱ्हाईक आलं" असं कुणी ओरडलं तर उठून जा, फोन चालू राहू दे, नंतर बघू. आणि शेवटचं वाक्य झालं की लगेच "झालं का गं?" विचारू नकोस. दोन सेकंद पातेल्याकडे बघत राहा, मला तिथे कापायचंय.