विषय: सीनिअर बॅकएंड इंजिनिअरच्या इंटरव्ह्यू पॅनेलसाठी तुमचा वेळ हवा आहे (१७ ते २० नोव्हेंबर)

रोहन, स्नेहल, इम्रान, प्राची, केदार, गौरी,

नमस्कार. वॉलेट टीममधल्या सीनिअर बॅकएंड जागेसाठी एचआरने चार उमेदवार निवडले आहेत. दिवाळीनंतरच्या आठवड्यात त्यांचे इंटरव्ह्यू घ्यायचे आहेत आणि पॅनेलवर तुम्ही सहाजण हवे आहात. प्रत्येकाच्या वाट्याला दोन इंटरव्ह्यू येतील. दोघे किंवा तिघे पॅनेलवर असले की चौथ्या उमेदवारापर्यंत थकवा येतो आणि त्याचा फटका त्या उमेदवाराला बसतो, म्हणून सहाजण.

कोडिंग राउंड, ६० मिनिटं:
मंगळवार १७: सकाळी ९.३० आणि संध्याकाळी ६.००
बुधवार १८: सकाळी ९.३० आणि संध्याकाळी ६.००

डिझाइन राउंड, ७५ मिनिटं, पुढे गेलेल्यांसाठी (दोघे जातील असं धरलं आहे):
शुक्रवार २०: सकाळी ९.३० आणि संध्याकाळी ६.००
राखीव: सोमवार २३, सकाळी ९.३०

चौघेही सध्या नोकरीत आहेत, त्यामुळे दुपारच्या वेळा त्यांना जमत नाहीत. बुधवारी संध्याकाळी आपलं रिलीज असतं, तेव्हा त्या दिवशी रिलीज किंवा ऑन-कॉल असलेल्यांनी ६ चा स्लॉट घेऊ नये. मध्येच अलर्ट आला आणि एकजण उठून गेला, की उरलेल्याला प्रश्नही विचारावे लागतात आणि नोंदीही घ्याव्या लागतात. मग दोन्ही अर्धवट राहतं.

प्रत्येक स्लॉटला दोघे: एक प्रश्न विचारेल, दुसरा नोंदी घेईल. गौरी, तुझी पहिलीच वेळ आहे, म्हणून पहिल्या स्लॉटला तू नोंदी घे आणि दुसऱ्यात केदार सोबत असताना प्रश्न विचार.

आता लेव्हलबद्दल, कारण आपले मतभेद बहुतेक इथेच होतात. अनुभव ५ ते ८ वर्षं. जावा, स्प्रिंग बूट, पोस्टग्रेस. पण वर्षं मोजू नका. कोडिंग राउंडमध्ये आपण वॉलेटमधून पैसे वजा करणारी छोटी सर्व्हिस देतो. ती आधी बॅलन्स वाचते, मग तपासते, मग नवा आकडा लिहिते. दोन रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या तर दोन्ही जुनाच बॅलन्स वाचतात आणि खात्यात नसलेले पैसेही निघतात. `synchronized` लावून थांबणारा उमेदवार आपल्या सीनिअर पातळीचा नाही, कारण ते कुलूप एकाच जेव्हीएमपुरतं असतं आणि आपली सर्व्हिस अनेक पॉडवर चालते. सीनिअरने ही अडचण स्वतःहून मांडून डेटाबेसकडे वळायला हवं, उदाहरणार्थ:

```sql
UPDATE wallet SET balance = balance - :amt
WHERE id = :id AND balance >= :amt;
```

आणि किती ओळी बदलल्या ते तपासायला हवं. शून्य आल्या तर व्यवहार नाकारायचा. `SELECT ... FOR UPDATE` वापरलं तरी चालेल, मात्र त्यात लॉक किती वेळ धरला जातो हे विचारा. एक इशारा देऊन उमेदवार तिथे पोचला तर चांगलंच, पण तो इशारा नोंदीत लिहा. न लिहिलेले इशारे चर्चेच्या वेळी कोणालाच आठवत नाहीत.

डिझाइन राउंडचा विषय: टाइमआउटनंतर तीच पेमेंट रिक्वेस्ट पुन्हा आली तर काय? `Idempotency-Key` वर युनिक कन्स्ट्रेंट, आणि पहिली रिक्वेस्ट अजून चालू असताना दुसरी आली तर काय उत्तर द्यायचं, इथपर्यंत चर्चा जायला हवी.

लागणारा वेळ: सोमवारी १६ ला दुपारी ३ वाजता ४५ मिनिटांची एकत्र बैठक, तिथे नमुना उत्तरं वाचून आपण गुण देण्याची पद्धत जुळवून घेऊ. प्रत्येक इंटरव्ह्यूआधी ३० मिनिटं: २० रेझ्युमेसाठी, १० दोघांनी प्रश्न वाटून घेण्यासाठी. हे वाटप झालं नाही की दोघेही त्याच प्रोजेक्टबद्दल विचारतात आणि १५ मिनिटं वाया जातात. नंतर २० मिनिटं फीडबॅकसाठी. बैठक आणि दोन इंटरव्ह्यू मिळून साधारण साडेचार तास होतात. त्या स्प्रिंटमध्ये प्रत्येकाच्या नावावरचं एका दिवसाचं काम मी कमी केलं आहे, त्यामुळे हे रात्री बसून करायचं नाही.

फीडबॅक त्याच दिवशी आणि जोडीदाराशी बोलण्याआधी भरा. आधी बोललं की ज्याचा आवाज मोठा त्याचंच मत दोन्ही फॉर्मवर उतरतं. ‘चांगला वाटला’ पुरेसं नाही. उमेदवार काय म्हणाला, काय लिहिलं ते हवं. पगार आणि नोटीस पीरियड एचआर बघेल. लग्न, मुलं, गाव, आडनावावरून ओळख काढणं, हे गप्पांच्या ओघातही नको.

बुधवारी ४ तारखेला संध्याकाळी ५ पर्यंत जमणारे तीन स्लॉट पसंतीक्रमाने कळवा, म्हणजे मला जोड्या लावता येतील. जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, मी दुसऱ्या टीममधून कोणाला तरी विचारेन. गुरुवारी दुपारपर्यंत कॅलेंडर इन्व्हाइट, रेझ्युमे आणि फीडबॅक फॉर्म तुमच्याकडे येतील. नंतर स्लॉट बदलावा लागला तर किमान आदल्या दिवशी दुपारी १२ च्या आत मला फोन करा, चॅटवर नको. उमेदवाराने त्या वेळेसाठी ऑफिसातून परवानगी घेतलेली असते.

मानसी