कोकणकड्यावरच्या तंबूंची पोस्ट: कॉमेंट्स बंद करत आहोत

मंडळी, हरिश्चंद्रगडावरच्या तंबूंच्या या पोस्टवर आता कुणालाच कॉमेंट करता येणार नाही. रविवारी रात्री एका ताईंनी कड्यावरच्या कचऱ्याचा फोटो टाकून ही पोस्ट केली आणि तंबू बंद करावेत की चालू ठेवावेत यावर आज सकाळपर्यंत १८४ कॉमेंट्स झाल्या.

विषय खोटा नाही. मूळ फोटो बघून माझ्याही पोटात तुटलं. कड्यापासून दहा पावलांवर विझलेली चूल, राखेत अर्धवट जळालेल्या कागदी प्लेटा आणि पाण्याच्या बाटल्यांचा वितळून झालेला काळा गोळा. सुरुवातीला सगळे छान बोलतही होते. गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावातल्या एका दादांनी जेवणाच्या धंद्यावर घर कसं चालतं ते हिशोबासकट मांडलं. एका ट्रेक लीडरने 'मागच्या महिन्यात आमच्याच ग्रुपचा कचरा वर राहिला' असं सरळ कबूल केलं. असं लिहायला हिंमत लागते.

मग घसरलं. 'गाववाल्यांना पैशापुढे काही दिसत नाही' आणि 'पुण्या-मुंबईचे लोक घाण करायलाच येतात' ही दोन्ही वाक्यं मी एकाच मापाने मोजतो. दोन्ही काढली आहेत. एकाने झोपडीपुढे उभ्या असलेल्या एका पोराचा चेहरा दिसेल असा फोटो टाकून 'हाच तो' लिहिलं. चूल त्याने पेटवली याचा कसलाही पुरावा नाही. दुसऱ्याने पोस्ट टाकणाऱ्या ताईंचा फोन नंबर दिला, आणि त्यांना मध्यरात्री शिव्यांचे फोन आले. हे इथे अजिबात खपवून घेणार नाही. पहिल्याला तंबू बंद हवेत, दुसऱ्याला चालू. दोघांनाही ३० दिवस इथे लिहिता येणार नाही.

कायद्याबद्दलही दोन्हीकडून रेटून बोललं गेलं. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३०नुसार अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवायला किंवा जळती सोडून यायला मनाई आहे. म्हणजे 'आगीबद्दल काही नियमच नाही' हे चूक. आणि 'तंबू ठोकला की या कलमाखाली तुरुंग' हेही चूक, कारण त्यात तंबूचा उल्लेखच नाही.

मी बारा वर्षं पाचनईतल्या एकाच घरी पिठलं-भाकरी खातोय, हे तुम्हाला माहीत असायला हवं. म्हणून हा निर्णय मी एकट्याने घेतलेला नाही. बाकीच्या दोन्ही अ‍ॅडमिननी सगळ्या कॉमेंट्स वाचल्या आणि तिघांचं एकमत झालं.

पोस्ट उडवलेली नाही, चांगल्या कॉमेंट्स वाचायला राहतील. हाच वाद दुसऱ्या पोस्टखाली सुरू केलात तर ती कॉमेंट न विचारता काढली जाईल. शनिवारी सकाळी मी नवी पोस्ट टाकतो. प्रश्न एकच असेल: कड्यावरचा कचरा खाली कुणी आणि कसा आणायचा? पाचनईच्या दादांना पहिली कॉमेंट करायची विनंती केली आहे.

निर्णय पटला नसेल तर तिघांपैकी कुणालाही मेसेज करा. ज्यांना थांबवलंय त्या दोघांनीही.