नंदाताई, जर्मनीच्या व्हिसाचं आणि विमानतळाचं विचारलंत, त्याचं सविस्तर उत्तर

ठाणे, १८ जानेवारी २०२६

नंदाताई, नमस्कार.

तुमचा निरोप वाचला. मेधाला म्युनिकला भेटायला तुम्ही आणि अरुणराव मे महिन्यात निघताय, हे ऐकून फार आनंद झाला. तुम्ही विचारलंत, "खरं सांगा, म्हाताऱ्या माणसांना झेपतं का?" झेपतं. पण मी जे सांगणार आहे ते सगळं २०२४चं आहे. कागदपत्रं आम्ही मार्च २०२४मध्ये दिली, गेलो मे महिन्यात, परत आलो जूनच्या शेवटी. त्यानंतर फी बदलली, तिकडच्या सीमेवरची पद्धत बदलली, आपल्याकडचे रस्ते आणि मेट्रोही बदलली. म्हणून जिथे बदल मला माहीत आहे तिथे तसं लिहिते. बाकीचं आमच्या वेळचं म्हणून वाचा आणि अर्ज करायच्या आठवड्यात जर्मन वकिलातीच्या साइटवर मेधाला पुन्हा बघायला सांगा.

आधी फी. आम्ही माणशी ८० युरो भरले, रुपयांत. ११ जून २०२४पासून मोठ्या माणसांना ९० युरो झाले. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवा आकार वेगळा. खिडकीवर त्याशिवाय आणखी सेवा पुढे करतात: बसायला वेगळी खोली, एसएमएस, कुरिअर, झेरॉक्स. आमच्या वेळी तिथली मुलगी इतकं भराभर बोलत होती की त्या वेगळ्या खोलीचे पैसे सक्तीचे आहेत असं वाटावं. ते मुळीच सक्तीचे नव्हते. मला हे आवडलं नाही, कारण समोर बसलेले बहुतेक जण आपल्यासारखे, पहिल्यांदाच आलेले. "व्हिसा फी आणि सेवा आकार एवढंच घ्या" असं स्पष्ट म्हणा. कुरिअर मात्र घेण्यासारखं आहे. पासपोर्ट घ्यायला नेरुळहून पुन्हा एक हेलपाटा वाचतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, कधी पंचेचाळीसपर्यंत जातात. आमचे पासपोर्ट दोन आठवड्यांच्या आसपास आले. खरी वाट बघावी लागली ती अपॉइंटमेंटसाठी. फेब्रुवारीत बघितलं तेव्हा जवळजवळ महिनाभर पुढची तारीख मिळाली. उन्हाळ्याच्या सुट्टीची गर्दी होती, तुमचाही मोसम तोच. म्हणून मे महिन्यात जायचं असेल तर अपॉइंटमेंट याच आठवड्यात बघा. कागद जमेपर्यंत थांबू नका, तारीख हातात असली की कागद जमतात.

कागदांत सगळ्यात वेळखाऊ काम मेधाचं आहे. तिला तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन तुमच्या खर्चाचं अधिकृत हमीपत्र करून घ्यावं लागेल. आमच्या मुलाने ते केलं होतं. त्यालाही आधी वेळ घ्यावी लागते, आणि मूळ कागद इकडे यावा लागतो, फोटो चालत नाही. ते हमीपत्र असलं की तुमच्या बँक खात्यावर सगळा भार पडत नाही. तरी आम्ही तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पेन्शनची नोंद आणि आयटीआर जोडले होते. विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, चालणारा हवा. आपल्या वयाला तो महाग पडतो, तिथे काटकसर करू नका. अरुणरावांना आधीपासून असलेल्या हृदयविकाराला त्यात काय मिळतं, ते पॉलिसीत स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर सोडू नका. तिकिटाचे पूर्ण पैसे आम्ही व्हिसा आल्यावर भरले, अर्जाला फक्त आरक्षण लावलं होतं.

आता बोटांच्या ठशांबद्दल, कारण याविषयी आम्हाला कुणीच आधी सांगितलं नव्हतं. पहिला शेंगेन व्हिसा असला की स्वतः जाऊन दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतात. ह्यांचे लगेच आले. माझे येईनात. भांडी, धुणं, चटण्या-मसाले यांत वर्षानुवर्षं घासलेली बोटं, मशीन "पुन्हा ठेवा" म्हणतच राहिलं. मागे रांग, आणि मला उगीचच अपराधी वाटायला लागलं. तो मुलगा भला होता. ओल्या टिश्यूने बोटं पुसायला दिली, माझ्या बोटांवर हलकेच स्वतःचा हात दाबून धरला आणि शेवटी ठसे आले. नंदाताई, तुम्ही शिवणकाम केलेलं आहे, तुमचंही असंच होऊ शकतं. आधीचे काही दिवस रात्री हाताला खोबरेल लावा, त्या दिवशी सकाळी मात्र हात कोरडे आणि स्वच्छ ठेवा, मेंदी नको. नाही आले ठसे तर घाबरू नका, ती माणसं हे रोज बघतात. एकदा दिलेले ठसे ५९ महिने वापरता येतात, म्हणजे पुढच्या वेळी बहुधा हा भाग टळतो.

अर्जाच्या केंद्रावर जायला आम्ही ठाण्याहून दादरपर्यंत लोकल आणि पुढे टॅक्सी केली. तेव्हा मेट्रो ३ नव्हती. ती ऑक्टोबर २०२४ला आरे ते बीकेसी सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५मध्ये कफ परेडपर्यंत गेली. तुमच्या अपॉइंटमेंटच्या पत्रावरचा पत्ता बघून त्याच्या जवळचं स्टेशन शोधा. बॅग शक्यतो नेऊ नका, कागदांची फाईल आणि पाण्याची बाटली पुरे.

व्हिसा हातात आला की चष्मा लावून तो नीट वाचा. त्यावर एक काळ छापलेला असतो, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. आणि वेगळ्या रकान्यात दिवसांची संख्या असते. तारखा थोड्या सैल देतात, पण राहायचं तेवढेच दिवस. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने तारखेच्या शेवटापर्यंत राहता येईल असं धरून परतीचं तिकीट काढलं होतं. नशिबाने मुलाच्या लक्षात आलं. कोणत्याही १८० दिवसांत एकूण ९०पेक्षा जास्त राहता येत नाही, हा नियम त्याच्या वर आहेच.

विमानतळाचं सांगते. तुम्ही विचारलंत, उलव्याचा नवा विमानतळ इतका जवळ असताना सहारला कशाला जायचं? खरंय, नेरुळहून तो हाकेच्या अंतरावर आहे. पण २५ डिसेंबर २०२५ला तो सुरू झाला तो देशातल्या उड्डाणांनी. तिथून दिल्लीला जाऊन पुढे परदेशी विमान धरणं शक्य आहे, तरी पहिल्याच वेळी, गुडघे दुखत असताना, मी ते सुचवणार नाही. मुंबईच्या टर्मिनल २वरून थेट म्युनिक किंवा फ्रँकफर्टचं विमान घ्या. फ्रँकफर्टहून पुढे म्युनिकला जाणार असाल तर पासपोर्ट तपासणी फ्रँकफर्टलाच होते, म्हणून दोन विमानांत भरपूर वेळ ठेवा, निदान तीन तास.

आमचं विमान मध्यरात्रीनंतरचं होतं. ठाण्याहून पूर्व द्रुतगती मार्गाने विक्रोळी आणि तिथून जेव्हीएलआर. पवईला रात्री दहा वाजताही गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या. वाटेत मुलुंडला टोल भरला होता. ऑक्टोबर २०२४पासून लहान गाड्यांना मुंबईच्या वेशीवरचे ते टोल माफ झाले, वाशीचाही. गाडीने जा, मेट्रोचा विचार मोठ्या बॅगा घेऊन करू नका. सोडायला येणाऱ्यांना परतताना मरोळ नाका, घाटकोपर असा मेट्रोचा मार्ग आता आहे, पण रात्री उशिरा ती बंद असते.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. अरुणराव "मी चालू शकतो" म्हणतील, आमचेही हे तसंच म्हणत होते. टर्मिनल २मध्ये चेक-इनपासून गेटपर्यंतचं अंतर फार आहे, आणि सुरक्षा तपासणीत उभं राहणं त्याहून दमवतं. ती घेतल्यावर आमच्या वेळी इमिग्रेशनलाही वेगळ्या रांगेतून नेलं. अधिकाऱ्याने दोनच प्रश्न विचारले: कुठे, कुणाकडे. मराठीतच.

सामानात सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत नको, तेलामुळे ते काढून टाकतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. युरोपात बाहेरून दूध-दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही, म्हणून मेधासाठी तूप, पेढे ठेवू नका. मेतकूट, भाजणी, पोह्याचा चिवडा आमचा सहीसलामत पोचला. गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत.

तिकडे उतरल्यावरचा भाग आमच्यापेक्षा तुमचा वेगळा असेल. आम्हाला काचेमागच्या तरुण अधिकाऱ्याने परतीचं तिकीट आणि मुलाचा पत्ता बघून शिक्का मारून दिला. १२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेन सीमेवर नवी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे आणि १० एप्रिल २०२६पर्यंत ती सगळीकडे लागू व्हायची आहे. म्हणजे मे महिन्यात शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांची पडताळणी. तिला वेगळे पैसे नाहीत. रांग लांब असू शकते, तेव्हा उतरायच्या आधी विमानातच औषधं आणि थोडं खाणं उरकून घ्या. मेधाचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून ठेवा, मोबाइलची बॅटरी संपली तर अडायला नको.

आमची २०२४ची फाईल मी जपून ठेवली आहे, कागद लावण्याच्या क्रमासकट. पुढच्या शनिवारी दुपारी दोघं चरईला या. मेधाकडून आलेली यादी बरोबर आणा, आपण एकेक कागद शेजारी ठेवून बघू. ठशांच्या दिवशी सोबत हवी असेल तर तसं सांगा, मी येईन.

तुमची,
उज्ज्वला