ग्लासच्या तळाशी

सईला थॅलेसेमिया होता. रक्त चढवून तिसरा आठवडा संपत आला की तिला जिने जड व्हायचे. कन्नमवार नगरातल्या त्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. दुसऱ्या मजल्यावर ती दप्तर कठड्याला टेकवून थांबायची. दार उघडल्यावर आई आधी तिच्या पापणीची आतली बाजू बघायची, मग कॅलेंडर.

शुक्रवारी शाळेतून परस्पर, रक्त जुळतं का ते बघायला, क्रॉसमॅचचं सॅम्पल देऊन झालं. शनिवारी सकाळी हिमोग्लोबिन ९.२ आणि वजन २६ किलो. सई हॉस्पिटलच्या डे-केअरमधल्या खिडकीजवळच्या खाटेवर बसली.

"पूर्ण नाव सांग," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, पाच वर्षं ओळखता मला!"

"तुला ओळखते गं. पिशवीला ओळखायचंय." नाव, नोंदणी क्रमांक, रक्तगट, पिशवीचा नंबर, मुदत, दुसऱ्या सिस्टरनेही सगळं मोठ्याने वाचलं. चुकीची पिशवी लागली तर थोड्याशा रक्तानेही जिवावर बेततं. ताप, नाडी, बीपी झालं. पांढऱ्या पेशी अडवणारा फिल्टर लावून २९० मिलीची पिशवी चढली.

पहिली पंधरा मिनिटं थेंब अगदी सावकाश. रिॲक्शन यायची असली तर बऱ्याचदा तेव्हाच येते. दिवाळीत एकदा सईला गांधी उठल्या होत्या, हुडहुडी भरली होती. "स्वेटर घालून बसायचं नाही, लगेच हाक मारायची," हे तेव्हापासून पाठ होतं. सिस्टरनी त्या दिवशी आधी चिमटा बंद केला होता आणि मग डॉक्टरांना बोलावलं होतं.

पंधरा मिनिटांनी वेग वाढला. सईने घड्याळ लावून मोजले: मिनिटाला ३३ थेंब. वीस थेंबांचा एक मिली, म्हणजे तासाला साधारण शंभर. तीन तास. चार तासांच्या आत पिशवी संपायलाच हवी, नाहीतर बाहेरच्या गरमीत रक्तात जंतू वाढू शकतात.

डॉक्टर आल्या तेव्हा तिने सहावीच्या विज्ञानाच्या वहीत लिहून ठेवलेला प्रश्न विचारला. "मॅडम, लाल पेशी १२० दिवस जगतात ना? मग माझं रक्त तीन आठवड्यांत का उतरतं?"

"पिशवीतल्या पेशी काय एका दिवशी जन्मल्यात?" डॉक्टर खाटेच्या कडेला टेकल्या. "काही कालच्या, काही शंभर दिवसांच्या. रोज थोड्या मरतात. इतरांच्या हाडांतला मगज तेवढ्याच नव्या बनवतो. तुझ्या मगजाला हिमोग्लोबिनचा एक भाग नीट बनवता येत नाही, म्हणून भरपाई होत नाही."

"आणि मेलेल्या पेशींचं काय होतं?"

डॉक्टरांनी फाइल उघडली. साठलेलं लोह दाखवणारं फेरिटिन २,९००. मागच्या वेळी १,८०० होतं. "तेच विचारायला आलेय. त्यांच्यातलं लोह शरीरातच साचतं. ते काढायची गोळी रोज घेतेस?"

आई म्हणाली, "मी स्वतः विरघळवून देते. ५०० ची एक, २५० ची एक, काचेच्या ग्लासात, उपाशीपोटी. अर्ध्या तासाने नाश्ता."

सई थेंबांकडे बघत राहिली. आईला एकदम तुळशीची कुंडी आठवली. मातीवर पांढरी खर धरली होती. तिला वाटलं होतं, टाकीच्या पाण्याने.

"खडूसारखं लागतं. मळमळतं," सई पुटपुटली. "वरचं पिते मी. तळाचं ओतते."

"औषध तर तळाशीच बसतं, बाळा." डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी वही मागितली. "एका पिशवीत साधारण २०० मिलिग्रॅम लोह. वर्षाला तुझ्या किती पिशव्या?"

"सतरा." सईने गुणाकार केला. ३,४००.

"शरीर स्वतःहून दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम बाहेर टाकतं. आता वजा कर."

३,४०० वजा ३६५. ३,०३५. सईने त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

"हे जातं कुठे?"

"यकृतात, हृदयात, उंची वाढवणाऱ्या आणि पाळी आणणाऱ्या ग्रंथींत. साचताना दुखत नाही, म्हणून कळत नाही. रक्त दर तीन आठवड्यांनी, पण लोह काढायचं काम रोजचं. मळमळ होते तर मला सांगायचं. गिळायची गोळीही असते, तिचा डोस वेगळा असतो. क्रिएटिनिन आणि यकृताचे रिपोर्ट बघून पुढच्या खेपेला ठरवू. तोवर हीच, तळासकट."

पिशवी रिकामी झाली. सुई निघाली, कापूस दाबून धरला. दुपारी सई तिन्ही जिने न थांबता चढली.

रविवारी सकाळी पावणेसात. आईने ग्लास ओट्यावर ठेवला आणि मुद्दाम पाठ फिरवली. सईने नाक दाबून ग्लास संपवला. तळाशी पांढरा थर उरला होता. तिने त्यात दोन घोट पाणी घातलं, ग्लास गोल फिरवला, प्यायली. उजेडाकडे धरून बघितला. कडेला अजून चिकटलं होतं. पुन्हा पाणी घातलं.