विषय: मागच्या स्टॉक सॉफ्टवेअरच्या अनुभवाबद्दल

नमस्कार मॅडम,

"असंच एक सॉफ्टवेअर घेतलं होतं, दोन महिन्यांत सगळे परत रजिस्टरवर आले," हे तुम्ही स्पष्ट लिहिलंत ते बरं झालं. आमचं सॉफ्टवेअर त्याहून चांगलं आहे, असं मी लगेच म्हणणार नाही. तेव्हा नेमकं कुठे बिनसलं हे कळल्याशिवाय तसं म्हणण्यात अर्थ नाही.

स्क्रीनवरचा आकडा आणि गोडाऊनमधला माल जुळत नव्हता, असं तुम्ही म्हणता. तो फरक पहिल्याच आठवड्यात दिसला, की हळूहळू वाढत गेला? पहिल्यापासून असेल, तर बहुधा ओपनिंग स्टॉक प्रत्यक्ष न मोजता वहीवरून चढवला गेला असेल. हळूहळू वाढला असेल, तर माल आधी बाहेर जातो आणि चलन मागाहून बनतं, किंवा परत आलेला माल एंट्री न करता थेट रॅकवर जातो. आणि फरक फक्त वायर-केबलमध्येच असेल, तर युनिट तपासायला हवं. खरेदी कॉइलमध्ये आणि विक्री मीटरमध्ये असताना ९० मीटरची कॉइल १०० मीटरची म्हणून चढली, की दर कॉइलमागे १० मीटर माल फक्त स्क्रीनवर उरतो. मग स्टोअरकीपरवर उगाच संशय येतो. (तो बिचारा रजिस्टरकडे वळला यात नवल नाही.)

यातलं युनिटचं काम आमचं: आयटम मास्टर आम्ही तुमच्या माणसासोबत बसून तपासतो. पण तोंडी सांगण्यावरून माल गेटबाहेर जात असेल, तर ते कुठलंच सॉफ्टवेअर थांबवू शकत नाही, आमचंही नाही. ती सवय बदलायची तुमची तयारी नसेल, तर हा खर्च करू नका, असंच मी सांगेन.

तयारी असेल, तर सगळं गोडाऊन एकदम नको. फक्त स्विचेस आणि वायर घेऊ. माल मोजूनच सुरुवात करू, रजिस्टरही चालू ठेवू, आणि दर शनिवारी दहा आयटम हाताने मोजून तिन्ही आकडे शेजारी शेजारी मांडू. महिनाभरात ते जुळायला लागले नाहीत, तर तिथेच थांबू; या महिन्याचे पैसे आम्ही घेणार नाही.

त्याआधी दोन गोष्टी हव्यात. जुन्या सॉफ्टवेअरमधली आयटम लिस्ट एक्सेलमध्ये निघत असेल तर पाठवा, अर्धवट असली तरी चालेल. आणि तुमच्या स्टोअरकीपरशी वीस मिनिटं फोनवर बोलू द्या, शक्यतो तुम्ही लाइनवर नसताना. काम कुठे अडायचं हे ते मोकळेपणाने सांगतील. गुरुवारी दुपारी जेवणानंतर त्यांना जमेल का?

आपला,
संदीप