मयत वादीचे वारस रेकॉर्डवर घेणेबाबत अर्ज

मे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, वाई यांचे कोर्टात
रे. दि. मु. नं. 214/2021

शामराव गणपत मोहिते, मयत … वादी
विरुद्ध
आनंदराव तुकाराम मोहिते वगैरे 2 … प्रतिवादी

दिवाणी प्रक्रिया संहिता ऑर्डर 22 रूल 3 प्रमाणे अर्ज

अर्जदारांचा विनंती अर्ज ऐसा की,

1) सदरचा दावा मौजे ओझर्डे, ता. वाई येथील गट नं. 418 पैकी प्रतिवादींनी अतिक्रमण केलेल्या 6 आर क्षेत्राचा कब्जा मिळणेसाठी व कायम मनाईसाठी आहे. वादीची सरतपास व उलटतपास पूर्ण झाली असून दावा प्रतिवादींचे पुराव्यासाठी नेमलेला आहे.

2) वादी हे दि. 18/01/2025 रोजी ओझर्डे येथे वृद्धापकाळाने मयत झाले. ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला सोबत दाखल केला आहे. मयताने मृत्युपत्र केलेले नाही व त्यांची आई त्यांचे पूर्वीच वारलेली आहे. त्यांना खालील वारस आहेत :

1अ) श्रीमती हौसाबाई शामराव मोहिते, वय 71, विधवा पत्नी, रा. ओझर्डे
1ब) बाळासाहेब शामराव मोहिते, वय 50, मुलगा, रा. ओझर्डे
1क) सौ. सुनंदा विलास जगदाळे, वय 46, मुलगी, रा. कोरेगाव
1ड) कु. श्रेया संदीप साळुंखे, वय 14, मयत मुलगी मंगल हिची मुलगी, अज्ञान, तर्फे अ.पा.क. वडील संदीप बाबुराव साळुंखे, रा. सातारा

3) मंगल ही वादीचे हयातीतच, सन 2019 मध्ये वारली. तिचे पती संदीप हे मयत वादीचे वारस होत नाहीत; त्यांचे नाव फक्त अज्ञान मुलीचे पालक म्हणून घातले आहे. त्यांचा व अज्ञानाचा हितसंबंध परस्परविरोधी नाही.

4) 7/12 उताऱ्यास वारसनोंद अद्याप झालेली नाही. परंतु त्या नोंदीसाठी थांबणे अर्जदारांना परवडणारे नाही, कारण वारस रेकॉर्डवर घेणेची मुदत मृत्यूच्या तारखेपासून 90 दिवसांची आहे व ती गेल्यास दावा अबेट होईल. सदरचा अर्ज 58 व्या दिवशी, म्हणजे मुदतीत आहे.

5) मिळकतीच्या कब्जाचा हक्क वादीचे मृत्यूने संपुष्टात येत नाही. वाद चालविण्याचा अधिकार वर नमूद वारसांना पोहोचतो व त्यांना दावा पुढे चालवावयाचा आहे. सर्वांची वकीलपत्रे सोबत दिली आहेत. वारस आल्याने दाव्याचे स्वरूप बदलत नाही व प्रतिवादींचे कोणतेही नुकसान होत नाही.

सबब विनंती की, अर्ज मंजूर करून 1अ ते 1ड यांची नावे मयत वादीचे वारस म्हणून रेकॉर्डवर घ्यावीत, 1ड करिता वर नमूद अ.पा.क. यांचेमार्फत दावा चालविण्यास परवानगी द्यावी व दावा अर्जात त्याप्रमाणे दुरुस्ती करण्याचा हुकूम व्हावा.

वाई
दि. 17/03/2025

बाळासाहेब शामराव मोहिते, अर्जदार 1ब, स्वतःकरिता व इतर अर्जदारांतर्फे
अर्जदारांतर्फे वकील

सत्यापन : मी बाळासाहेब शामराव मोहिते, वय 50, धंदा शेती, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, कलम 1 ते 3 मधील मजकूर माझे माहितीप्रमाणे व कलम 4 व 5 मधील कायद्याचा मजकूर वकिलांचे सल्ल्याप्रमाणे खरा व बरोबर आहे. मयतास वर लिहिल्याखेरीज अन्य वारस नाही. म्हणून आज रोजी वाई येथे सही केली.

बाळासाहेब शामराव मोहिते